पानाची पाठ

कवठे महांकाळकडे ‘बाग’ म्हटले की ती द्राक्षाचीच. डाळिंब असले तर डाळिंब म्हणायचे, आंबा असला तर आंबा. नुसता ‘बागेत गेलाय’ एवढा निरोप मिळाला की माणूस द्राक्षाच्या मांडवाखाली सापडणार हे घरातल्या पोरालाही कळते. त्यामुळे बागेतल्या पानांच्या फोटोंचा हा संग्रह जवळजवळ सगळा द्राक्षपानांचा झाला, याचे कोणाला नवल वाटू नये. तालुक्यातल्या दोघा तरुणांनी तीन हंगामांत हे फोटो जमवले. त्यातले बरेचसे त्यांच्या फोनवर लोकांनी पाठवलेले आहेत आणि काही माझ्या फोनवरचे आहेत. प्रत्येक फोटोखाली त्यांनी तीन ओळी लिहिल्या आहेत. पहिली ओळ हा रोग किंवा ही कीड कोणती वाटते याची, दुसरी ते किती खात्रीने वाटते याची, आणि तिसरी असेच दिसणारे दुसरे काय असू शकेल याची. पुस्तक हातात घेणारा बागायतदार बहुतेक पहिलीच ओळ वाचेल. ही प्रस्तावना मी दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीसाठी लिहितो आहे.

संग्रहातले पहिले दोन फोटो समोरासमोरच्या पानांवर मुद्दाम छापायला सांगितले आहेत. दोन्ही एकाच शेतकऱ्याचे, दोन्ही थॉम्पसनच्या पानाचे, दोन्ही वरून काढलेले. पिवळट, कडा नीट न ठरलेले, नखाएवढे डाग दोन्हीकडे आहेत. नावे झाकून विचारले, तर अनुभवी माणूसही दोन्ही एकाच रोगाचे म्हणेल. मीही तसेच म्हटले होते, आणि त्यातले एक उत्तर चुकले होते.

पहिला फोटो २०१९ सालच्या २७ ऑक्टोबरचा, लक्ष्मीपूजनाच्या सकाळचा. त्या वर्षी परतीचा पाऊस परतायलाच तयार नव्हता. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीलाही तो पडत राहिला आणि सांगली जिल्ह्यातल्या कितीतरी बागा त्यात गेल्या. हा शेतकरी अग्रणी नदीच्या बाजूच्या एका गावातला. त्याची फळछाटणी २६ सप्टेंबरला झालेली, म्हणजे फोटोच्या दिवशी छाटणीला एकतीस दिवस झाले होते. फुलोरा तोंडावर आला होता. फोटोखाली एवढेच होते : “सर, ह्ये काय पडलंय बघा की.”

मी उत्तर देण्याआधी एकच प्रश्न विचारला : शेवटचा भिजपाऊस कधी झाला? तो म्हणाला, मतदानाच्या दिवशी दिवसभर भुरभुर होती, रात्रीपर्यंत पान सुकले नव्हते. विधानसभेचे मतदान २१ तारखेला झाले होते. मधे सहा दिवस गेले होते.

हा हिशेब का केला ते सांगतो. डाऊनीला, म्हणजे कृषी खात्याच्या पुस्तकातल्या केवड्याला, पान ओले लागते. त्याचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरात अक्षरशः पोहत जातात आणि पानाच्या खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांतून आत शिरतात. द्राक्षाच्या पानाला ही रंध्रे खालच्याच अंगाला असतात. आत शिरल्यावर तो काही दिवस गप्प वाढतो, बाहेरून काहीच दिसत नाही. हवा अनुकूल असेल तर साधारण पाच-सात दिवसांनी वरच्या अंगाला तेल सांडल्यासारखा पिवळा डाग उमटतो. म्हणजे आज दिसणारा डाग हा आजचा नसतो, आठवड्यापूर्वीच्या एखाद्या ओल्या रात्रीचा असतो. त्या रात्रीची तारीख सापडली, तर डाऊनीच्या बाजूने एक भक्कम पुरावा मिळतो. तारीख सापडत नसेल, तर फोटो कितीही बोलका असो, मन साशंक राहिले पाहिजे.

तारीख सापडली होती. तरीही मी त्याला लिहिले, “बहुधा डाऊनी. पान उलटे करून फोटो पाठव.” अर्ध्या तासात दुसरा फोटो आला. पिवळ्या डागाच्या बरोबर खाली, तेवढ्याच जागेत, पांढरा लुसलुशीत कापूस उगवला होता. डागाच्या बाहेर पान स्वच्छ होते. मग मी ‘बहुधा’ खोडले आणि ‘नक्की’ लिहिले.

दुसरा फोटो त्याच वर्षीच्या १८ डिसेंबरचा. त्याच शेतकऱ्याचा दुसरा प्लॉट, छाटणी २० ऑक्टोबरची, एकोणसाठावा दिवस. मणी ज्वारीच्या दाण्याच्या पुढे गेले होते. पिवळे डाग हुबेहूब तसेच होते. त्या दोन महिन्यांत माझ्या फोनवर डाऊनीशिवाय दुसरे काही आलेच नव्हते म्हटले तरी चालेल. रोज तेच पिवळे डाग, रोज तेच उत्तर. मी पाऊस कधी झाला हे विचारले नाही, पानाची पाठ मागवली नाही, आणि एका शब्दात “डाऊनी” असे लिहून पाठवले. त्याने लगेच डाऊनीचे आंतरप्रवाही औषध मारले. आठ दिवसांनी त्याने घडाचा फोटो पाठवला. मण्यांवर आणि देठांवर राख उधळल्यासारखा भुरकट थर होता. ती भुरी होती. पानावरचे डागही भुरीचेच होते, आणि आठ दिवसांत ती पानांवरून घडावर उतरली होती.

पाऊस थांबून तेव्हा महिना उलटून गेला होता. दिवस ढगाळ, रात्री थंड, आणि त्या प्लॉटची काडी इतकी दाट की आतल्या पानांना ऊन दिसत नव्हते. हे सगळे भुरीच्या बाजूचे होते. भुरीला पान ओले लागत नाही. सावली आणि मध्यम थंडी असली की ती सुखाने पसरते. दाट सावलीतल्या पानांवर ती पुष्कळदा खालच्या अंगाला आधी बसते, आणि वर फक्त पिवळट ठसा दिसतो. मला हे पुस्तकातून माहीत होते. पण ऑक्टोबरची सवय डिसेंबरपर्यंत डोळ्यांत राहिली होती. फोटो पाहताना आपण फोटोच पाहतो असे वाटते. खरे तर आधी पाहिलेले शंभर फोटोही त्याच्याबरोबर पाहत असतो. म्हणून या संग्रहात प्रत्येक फोटोखाली तारीख आणि छाटणीनंतरचा दिवस छापायचा आग्रह मी धरला. ऑक्टोबरमधल्या ओल्या आठवड्यात या पिवळ्या डागाला मी ‘बहुधा डाऊनी’ म्हणेन. तोच डाग कोरड्या डिसेंबरात ‘सांगता येत नाही, पाठ दाखवा’ या खात्यात जाईल. डाग बदललेला नसतो, खात्री मात्र बदललेली असते.

नावातल्या चुकीला एवढे महत्त्व का, असे कोणी विचारेल. दोन्ही पांढरेच, दोन्ही पानावरचेच, फवारणी तर करायचीच आहे. अडचण अशी की या दोन रोगांची औषधे एकमेकांच्या कामाची नाहीत. भुरी ही खरी बुरशी. तिच्या पेशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो, आणि ट्रायझोल गटातली औषधे तो तयार होण्याचीच वाट बंद करतात. डाऊनी दिसायला बुरशीसारखी असली तरी तिचे कूळ वेगळे, ते पाण्यातल्या शेवाळांच्या जवळचे. ती एर्गोस्टेरॉल बनवतच नाही. त्यामुळे ट्रायझोल तिच्यावर मारले तरी अडवायला तिथे काही नसते. उलट मेटॅलॅक्झिलसारखे औषध डाऊनीच्या कुळालाच लागू पडते आणि भुरीला त्याची झळ पोहोचत नाही. माझ्या शेतकऱ्याने डिसेंबरात मारलेले औषध चांगलेच होते, वेळेवर मारलेले होते, प्रमाणही बरोबर होते. त्याने भुरीला आठ दिवस मोकळे रान मिळाले, एवढेच.

हा घोळ आपल्याकडचा आणि आजचा नाही. १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये मार्गेट इथे एका माळ्याला द्राक्षवेलीवर पांढरी पूड दिसली. ती भुरी. पुढच्या काही वर्षांत ती फ्रान्सभर पसरली आणि गंधकाने आवरते हे तिथल्या बागायतदारांना कळले. त्यांना पांढऱ्या बुरशीवर गंधक हे समीकरण पाठ झाले. मग १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून दुसरा पांढरा रोग आला, तो डाऊनी, आणि गंधक त्याच्यापुढे निष्प्रभ ठरले. बोर्दोच्या मिलार्दे या प्राध्यापकाने मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण १८८५ मध्ये जाहीर करेपर्यंत त्यांच्या हातात काही नव्हते. त्या मिश्रणाला आपण आजही त्या गावाच्या नावानेच बोर्डो म्हणतो. दोन रोग दिसायला सारखे असल्याची किंमत अख्ख्या देशाने मोजली, ती अशी.

आता पाठीचा फोटो मागवल्यावर काय पाहायचे ते सांगतो. वरून पिवळा दिसणारा डाग खालून निदान चार प्रकारचा असू शकतो. खाली पांढरा, उभा, कापसासारखा थर असेल, तो फक्त डागापुरता असेल आणि डागाबाहेर पान स्वच्छ असेल, तर डाऊनी. खाली राखाडी, चपटा, कोळ्याच्या जाळ्यासारखा पसरलेला थर असेल आणि अंगठ्याने हलकेच पुसल्यावर तो निघून येत असेल, तर भुरी. डाऊनीचा कापूस रंध्रातून बाहेर आलेला असतो, त्याचे मूळ पानाच्या पोटात असते. भुरीचे धागे पानाच्या कातडीवरच पसरलेले असतात, म्हणून बोटाला येतात. खाली नारिंगी-पिवळी भुकटी असेल आणि बोट पिवळे होत असेल, तर तो तांबेरा. तो बहुतेक जुन्या, पिकत आलेल्या पानांवर सापडतो. आणि चौथी गोष्ट म्हणजे खाली काहीच नसणे.

फोटोवरून निदान करणाऱ्याची खरी परीक्षा ‘खाली काहीच नाही’ इथे होते. काही नसण्याची कारणे वेगवेगळी असतात. डाऊनी असूनही कापूस उगवला नसेल, कारण तो उगवायला रात्रीचा अंधार आणि पाण्याने जवळजवळ भरलेली हवा लागते. कोरड्या रात्रीनंतर डागाची पाठ कोरीच दिसते. कापूस उगवून गेला असेल आणि दुपारच्या उन्हात वाळून राखेसारखा झाला असेल. किंवा तो रोगच नसेल. मॅग्नेशियम कमी पडले की पान शिरांच्या मधल्या जागेत पिवळे होते, शिरा मात्र हिरव्या राहतात, आणि हे काडीच्या बुडाकडच्या जुन्या पानांवर आधी दिसते. औषधाचा चट्टा असेल, तर तो थेंब जिथे साचतो तिथे, म्हणजे पानाच्या टोकाला आणि कडेला असतो, एकाच फवारणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळीकडे एकदम दिसतो आणि नंतर वाढत नाही. तुडतुडे रस शोषत असतील, तर पानाची कड पिवळी पडून वळते, आणि फांदी हलवली की बारीक हिरवे किडे तिरपे पळताना दिसतात. फोटोत ते कधीच येत नाहीत, कारण फोटो काढायला पान धरले की ते आधीच उडालेले असतात.

यातला फरक पानाच्या फोटोपेक्षा बागेच्या फोटोत लवकर कळतो. कमतरता शिस्तीत असते. एका ओळीतल्या सगळ्या वेलींची तेवढ्याच वयाची पाने सारखी पिवळी, डावी-उजवी बाजू सारखी. औषधाचा चट्टाही शिस्तीत असतो, फक्त ती शिस्त ब्लोअरच्या फेरीची असते. जिथे यंत्र वळले तिथे दोनदा फवारणी झालेली आणि चट्टे जास्त. रोगाला शिस्त नसते. तो खोलगट कोपऱ्यात, मोठ्या झाडाच्या सावलीत, पाणी साचते तिथे, दाट मांडवाखाली सुरू होतो आणि ठिपक्या-ठिपक्यांनी पसरतो. म्हणून एका पानाच्या फोटोवर मी फार तर ‘बहुधा’ देतो. पान, पानाची पाठ आणि दहा पावले मागे जाऊन काढलेला ओळीचा फोटो अशी तिन्ही आली की ‘नक्की’ म्हणायचे धाडस होते.

भुरीच्या बाबतीत एक उलटी फसगतही होते, आणि ती या संग्रहात दोनदा आली आहे. पानावर पांढरे ठिपके दिसतात, शेतकरी घाबरतो, आणि ते ठिपके असतात वाळलेल्या औषधाचे. गंधक किंवा कॅल्शियम फवारले की थेंबाच्या आकाराचे, कडेला गडद आणि मध्ये फिके असे वर्तुळ राहते. भुरीला थेंबाचा आकार नसतो. फोटो जवळून आणि नीट फोकस होऊन आला असेल तर हे लगेच ओळखता येते. दुरून काढलेल्या फोटोत मात्र दोन्ही पांढरेच दिसते.

फोटो कसा काढावा याची वेगळी सूचना पुस्तकात आहे, तिची पुनरुक्ती करत नाही. तीन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात, कारण त्यांच्यामुळे माझी अनेक उत्तरे चुकता चुकता राहिली. एक, वेळ. दहिवर पडून गेल्यावर, सूर्य वर येण्याआधी काढलेला फोटो दुपारच्या दहा फोटोंच्या तोडीचा. डाऊनीचा कापूस तेव्हाच ताजा असतो. दुसरी गोष्ट रंगाची. संध्याकाळच्या उन्हात फोनचा कॅमेरा सगळेच पान पिवळे दाखवतो आणि मग निरोगी पानही मॅग्नेशियम मागते. पानाशेजारी वहीचा कोरा कागद धरला आणि तो फोटोत पांढरा दिसला, तर पिवळेपणा खरा. तिसरी, पान आभाळाकडे धरून त्यातून उजेड येऊ द्यायचा आणि खालून एक फोटो काढायचा. डाऊनीचा कोवळा डाग अशा वेळी तेल लागलेल्या कागदासारखा अर्धपारदर्शक चमकतो. वरून काढलेल्या फोटोत जो डाग जेमतेम दिसतो, तो इथे उठून दिसतो. आणि फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवताना साधा फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. एरवी तो दाबून लहान होतो आणि नेमकी लव आणि धागेच पुसले जातात.

एवढे करूनही ‘सांगता येत नाही’ राहते, तेव्हा फोटो बाजूला ठेवून एक रात्र थांबावे. त्याची रीत साधी आहे. डाग असलेली चार-पाच पाने आणि त्याच वेलीचे एक स्वच्छ पान तोडायचे. ओल्या वर्तमानपत्रावर ती पाठ वर करून मांडायची, प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, पिशवी थोडी फुगवून तोंड बांधायचे आणि घरात अंधाऱ्या, थंड जागी रात्रभर ठेवायची. सकाळी डागांच्या खाली पांढरा कापूस उगवलेला असेल आणि स्वच्छ पान स्वच्छच असेल, तर डाऊनी आहे आणि ती जिवंत आहे. भुरी या पिशवीत एका रात्रीत नव्याने काही दाखवत नाही. पण या परीक्षेचे दुसरे टोक बोथट आहे हे लक्षात ठेवावे. कापूस उगवला नाही म्हणून डाऊनी नाही, असे म्हणता येत नाही. दोन दिवसांपूर्वी आंतरप्रवाही औषध मारले असेल, डाग वाळून तपकिरी झाला असेल, किंवा पिशवी पत्र्याच्या शेडमध्ये तापली असेल, तरी काही उगवत नाही. होकार विश्वासाचा, नकार अर्ध्या विश्वासाचा. पिशवीतल्या पानांचा सकाळचा फोटो काढून ठेवला, तर पुढच्या वेळी तुलनेला तो पुस्तकातल्या कुठल्याही फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण तो तुमच्याच बागेचा आणि तुमच्याच वाणाचा असतो.

रात्रभर थांबणे प्रत्येक वेळी परवडत नाही, हेही खरे. पस्तिसाव्या दिवशी, फुलोऱ्यात, बाहेर आभाळ भरलेले असताना माणूस ‘बहुधा डाऊनी’ एवढ्यावरच औषध मारील, आणि ते बरोबरच आहे. त्या अवस्थेत डाऊनी घडात शिरली तर घड वाळून जातो, आणि गेलेला घड त्या हंगामात परत येत नाही. पण नव्वदाव्या दिवशी, कोरड्या हवेत, चार पानांवर पिवळे डाग दिसले तर ‘बहुधा’वर फवारणी करणे म्हणजे नको असलेला औषधाचा अंश घडात चढवणे. बेदाण्याला माल चालला असो की निर्यातीला, हा अंश तपासला जातो. तेव्हा खात्रीची पायरी एकच असली तरी तिच्यावर काय करायचे ते दिवस ठरवतो. संग्राहकांनी शब्दही मोजून वापरले आहेत. ‘नक्की’ म्हणजे वीस वेळा म्हटले तर फार तर एकदा चुकेन असे वाटते तेव्हा. ‘बहुधा’ म्हणजे दहात सात-आठ वेळा बरोबर येईन असे वाटते तेव्हा. त्याखालचे सगळे ‘सांगता येत नाही’. आणि प्रत्येक हंगामाच्या शेवटी त्यांनी आपली उत्तरे तपासून पाहिली आहेत. पहिल्या हंगामात त्यांचे ‘नक्की’ वीसात चारदा चुकले. दुसऱ्या हंगामापासून त्यांनी पाठीचा फोटो नसेल तर ‘नक्की’ लिहायचेच नाही असा नियम केला.

फोटो टाकला की रोगाचे नाव आणि पुढे टक्के दाखवणारी अॅप आता बहुतेकांच्या फोनवर आहेत, त्यांच्याविषयीही विचारणा होते. त्यांतल्या टक्क्यांचा अर्थ समजून घ्यावा. प्लांटव्हिलेज नावाचा पानांच्या फोटोंचा एक मोठा संग्रह आहे. मोहंती, ह्यूज आणि सालाथे या संशोधकांनी २०१६ मध्ये त्यातल्या ५४,३०६ फोटोंवर संगणकाला रोग ओळखायला शिकवले. १४ पिके आणि २६ रोग होते. त्याच संग्रहातले बाजूला ठेवलेले फोटो दाखवले तेव्हा उत्तरे ९९.३५ टक्के बरोबर आली. पण वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवले तेव्हा बरोबर उत्तरे ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. शिकवलेल्या फोटोंत पान तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेले होते. बागेतल्या पानामागे मांडव, तार, आभाळ आणि दुसरी पाने असतात. संशोधकांनी हे स्वतःच मांडले आहे, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे.

आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. त्या संग्रहात द्राक्षाचे चार गट आहेत : ब्लॅक रॉट, एस्का, पानावरचा एक करपा, आणि निरोगी पान. डाऊनी त्यात नाही, भुरीही नाही. म्हणजे कवठे महांकाळच्या बागेत सगळ्यात जास्त दिसणारे दोन रोग त्या शिकवणीत कधी आलेच नव्हते. अशा शिकवणीवर उभ्या असलेल्या साधनाला डाऊनीचे पान दाखवले, तर ते ‘हे मला माहीत नाही’ असे म्हणत नाही. माहीत असलेल्या नावांतच शंभर टक्के वाटून टाकते, आणि त्यातले एक नाव मोठ्या आकड्यासह पुढे येते. मोठा आकडा म्हणजे मोठी खात्री नव्हे. दिलेल्या नावांपैकी हे नाव जवळचे, एवढाच त्याचा अर्थ. सगळीच अॅप एका संग्रहावर शिकलेली नाहीत, काहींत डाऊनी-भुरी दोन्ही आहेत. म्हणून कुठलेही अॅप वापरण्याआधी आपल्याच बागेतले, पिशवीत पक्के झालेले डाऊनीचे पान त्याला दाखवून पाहावे. ते ओळखले नाही, तर बाकीच्या उत्तरांचे वजन त्या प्रमाणात धरावे.

पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, आणि तिथल्या तज्ज्ञांपुढे सूक्ष्मदर्शक असतो. या संग्रहातला फोटो सूक्ष्मदर्शकाची जागा घेऊ शकत नाही. काही गोष्टी फोटोत मुळातच मावत नाहीत. जिवाणूजन्य करप्याचे कोवळे, कोनात कापल्यासारखे ठिपके आणि जुन्या पानावर शिरांमध्ये अडकलेले डाऊनीचे ठिपके एकमेकांच्या इतके जवळ येतात की मी स्वतः ‘बहुधा’च्या वर गेलेलो नाही. करपा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बुरशीच्या ठिपक्यांचे मात्र मला फोटोवरूनही सहसा अडत नाही. त्यांचा मध्य राखाडी होऊन गळून पडतो, पानाला भोके पडतात, आणि कोवळ्या काडीवर खोलगट डाग असतात. काडीचा फोटो मागवला की उत्तर मिळते.

संग्रहातल्या सत्तेचाळिसाव्या फोटोखाली पहिली ओळ कोरी आहे. सोनाकाचे पान, फेब्रुवारीतले, बुडाकडून तिसरे. वरून शिरांलगत फिके पट्टे, खाली काहीच नाही. पिशवीत दोन रात्री ठेवले तरी कापूस आला नाही, बोटाला काही लागले नाही, भिंगातून कोळीही दिसला नाही. ओळीच्या फोटोत असे पिवळेपण एका आड एक वेलीला होते. संग्राहकांनी दुसऱ्या ओळीत ‘सांगता येत नाही’ लिहिले, तिसऱ्या ओळीत मॅग्नेशियमची कमतरता, मुळाकडचा त्रास आणि विषाणू अशी तीन नावे दिली, आणि शेतकऱ्याला देठ-परीक्षणासाठी पाने गोळा करायला सांगितले. त्याने ती गोळा केली, पण बाग बेदाण्याला लवकर उतरवायची होती, पाने शेडमध्येच वाळून गेली. खरड छाटणीनंतर फुटलेली नवी पाने हिरवी आली, आणि त्या वेलींवर आता एप्रिलमध्ये चुन्याच्या खुणा केलेल्या आहेत.